केए ची गाडी एमएच करताना: आधी एनओसी, मग नवा नंबर, शेवटी जुन्या राज्याकडून परतावा



बाहेरच्या राज्यातली नोकरी सोडून गावी परत यायचं आणि स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, असे बरेच जण आपल्या बॅचमध्ये असतात. सामान टेम्पोतून येतं आणि गाडी आपण स्वतः चालवत आणतो. मग तीच गाडी माल आणायला, डिलिव्हरीला, बँकेत जायला वापरात येते. नंबर मात्र अजून केए, टीएस नाहीतर जीजे. व्हिडिओत या विषयाची तोंडओळख झाली. इथे आपण एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ, कारण यात खरा प्रश्न पैशांचा आहे आणि तो पैसा धंद्याच्या भांडवलातून जातो.

उदाहरण असं. तुम्ही बेंगळुरूत नोकरी करत होता. चार वर्षांपूर्वी तिथे 8 लाखांची पेट्रोल कार घेतली, जयनगर आरटीओची, म्हणजे केए-05. आता कोल्हापुरात कायमचे आलात आणि बेकरी सुरू करताय. गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, पांढऱ्या प्लेटची आहे आणि तिच्यावर बँकेचं थोडं कर्ज बाकी आहे. पिवळ्या प्लेटच्या टेम्पोला परमिट, फिटनेस आणि वेगळा कर असतो, म्हणून तो विषय आज बाजूला ठेवू.

नंबर बदलावाच लागतो का?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 47 प्रमाणे, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथल्या आरटीओकडे अर्ज करून नवा नंबर घ्यावा लागतो. चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला याची गरज नाही. तुम्ही मात्र दुकानाचा भाडेकरार केलाय, ओव्हन बसवलाय, मुलांची शाळा बदललीय. तुमचं येणं कायमचं आहे. मग बारावा महिना उजाडायची वाट बघू नका, कारण एनओसी हातात यायलाच वेळ लागतो.

काही जण म्हणतात, “सर, वर्षभर थांबतो. गाडी जुनी होईल, नवा कर कमी बसेल.” हा हिशेब फसवा आहे. एक तर महाराष्ट्राचा कर राज्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर आहे, त्यामुळे गाडी राज्यात कधी आली हा प्रश्न निघतोच. दुसरं म्हणजे गाडी जुनी होते तसा कर्नाटकाचा परतावाही घटतो. एका खिशात चार पैसे वाचले असं वाटतं, तेवढ्यात दुसऱ्या खिशातून गेलेले असतात. येतानाच्या प्रवासाची फास्टॅगची टोल नोंद डाउनलोड करून ठेवा. गाडी कोणत्या तारखेला आली याचा तो साधा पुरावा आहे.

बीएच सिरीजच्या गाड्यांना राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. पण 2021 मध्ये सुरू झालेली ही सिरीज सैन्यदल, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. नोकरी सोडून दुकान टाकलेल्या माणसाचा तो रस्ता नाही.

पहिली पायरी: जुन्या आरटीओची एनओसी

सगळ्याची सुरुवात केए-05 कडून होते, कोल्हापूरकडून नाही. अर्ज फॉर्म 28 मध्ये असतो. `parivahan.gov.in` वर गाडी नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकून तो भरता येतो. त्यासोबत आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिल छाप लागतो. चासी नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. गाडी बेंगळुरूत असतानाच तीन-चार छाप काढून ठेवा.

एनओसी देण्याआधी आरटीओ दोन गोष्टी बघतं. गाडीवर चोरीची नोंद नाही ना, यासाठी पोलिसांकडचा अहवाल. आणि सरकारचं काही देणं बाकी नाही ना, यात कर आला, तसं ई-चलनंही अडथळा ठरतात. बेंगळुरूच्या सिग्नलवरची दोन वर्षांपूर्वीची पाचशे रुपयांची पावती तुम्ही विसरलेले असता, सिस्टीम विसरत नाही. म्हणून अर्जाच्या आधी सगळी चलनं भरा, दोन-तीन दिवस थांबा, पोर्टलवर शून्य दिसतंय का बघा आणि मगच फॉर्म भरा.

कायद्यात एनओसीबद्दलचा निर्णय कळवायला आरटीओला 30 दिवस दिले आहेत. त्या मुदतीत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असं मानलं जातं, असं कलम 48 सांगतं. पण प्रत्यक्षात पुढच्या आरटीओला हातात कागद आणि सिस्टीममध्ये नोंद हवी असते. त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवा आणि पाठपुरावा करा.

आता कर्जाबद्दल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची संमती लागते, आणि इथे मुलं हमखास गडबडतात. बँकेत जाऊन नुसतं “एनओसी द्या” म्हटलं, तर काउंटरवरचा माणूस कर्ज फिटल्यानंतरच्या एनओसीचा विचार करतो आणि सांगतो, “आधी कर्ज भरा.” तुम्हाला हवं असतं ते वेगळं पत्र: कर्ज चालू आहे, बोजा कायम राहील आणि गाडीची नोंदणी कर्नाटकातून महाराष्ट्रात न्यायला बँकेची हरकत नाही. असं स्पष्ट लिहून मागा. कर्ज फेडायची गरज नाही. तोच बोजा नव्या आरसीवर जसाच्या तसा येतो.

एक बारीक गोष्ट, पण महिने खाणारी. एनओसी “महाराष्ट्रासाठी” अशी मोघम निघत नाही, ती ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. कोल्हापूर म्हणजे एमएच-09. पुण्याकडे येणाऱ्यांची जास्त गफलत होते, कारण पुणे एमएच-12 आहे आणि पिंपरी-चिंचवड एमएच-14. आपल्या एका बॅचमधल्या मुलाने सवयीने “पुणे” निवडलं, घर आणि दुकान मात्र चिंचवडला. कागद दुरुस्त करून घ्यायला त्याला पुन्हा जुन्या आरटीओच्या दारात जावं लागलं. फॉर्ममध्ये आरटीओ निवडताना आपला भाडेकरार समोर ठेवा आणि त्यावरच्या पत्त्याचं आरटीओ कोणतं हे आधी पक्कं करा.

मध्येच थांबा आणि फाईलची दुसरी प्रत करा

एनओसी हातात आली की बहुतेक जण सरळ कोल्हापूर आरटीओत जातात. त्याआधी अर्धा तास द्या. नव्या नोंदणीच्या वेळी मूळ एनओसी आणि जुनी आरसी नव्या आरटीओकडे जमा होतात. नंतर बेंगळुरूकडे परतावा मागायला जाल, तेव्हा हेच कागद विचारले जातील आणि ते तुमच्याकडे नसतील.

म्हणून जमा करण्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा: जुनी आरसी, एनओसी, शोरूमचं मूळ बिल, आजीवन कर भरल्याची पावती, इन्शुरन्स आणि बँकेचं पत्र. मोबाईलमध्ये एक फोल्डर आणि घरात झेरॉक्सचा एक संच. फोल्डरचं नावच “परतावा” ठेवा, म्हणजे ते कशासाठी केलंय हे सहा महिन्यांनी आठवेल. कर भरल्याची पावती सापडत नसेल तर ती आत्ताच पोर्टलवरून किंवा जुन्या आरटीओतून काढा. आत्ता जमेल तेच काम नंतर सहाशे किलोमीटर लांबून करावं लागेल.

दुसरी पायरी: कोल्हापुरात कर आणि नवा नंबर

नव्या नंबरचा अर्ज फॉर्म 27 मध्ये असतो, पत्ता बदलासाठी फॉर्म 33. सोबत एनओसी, जुनी आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, ओळखपत्र आणि नवा पत्ता. पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार किंवा आधारवरचा बदललेला पत्ता चालतो. कायद्याप्रमाणे गाडी जिथे नेहमी ठेवली जाते तो राहण्याचा किंवा व्यवसायाचा पत्ता, या दोन्हीला जागा आहे. पण एकाच अर्जात घराचा एक आणि दुकानाचा दुसरा असे दोन पत्ते टाकू नका.

त्यानंतर इन्स्पेक्टर प्रत्यक्ष गाडी बघतो. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतो का, रंग तोच आहे का, बाहेरून सीएनजी किट बसवलंय का, हे तपासलं जातं. किट बसवलेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर काम तिथेच अडतं. ती नोंद आधी करून घ्यावी लागते.

आता मुख्य खर्च. आरटीओची फी काही शे रुपयांची, कर हजारोंचा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या 10 लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल कारला एकरकमी कराचा दर 11 टक्के आहे. तुमच्या गाडीची मूळ किंमत 8 लाख, म्हणजे नवी असती तर कर 88,000 रुपये झाला असता. ती चार वर्षं जुनी आहे म्हणून पूर्ण कर लागत नाही, वयाप्रमाणे कमी होतो. अंदाजासाठी 15 वर्षांचं आयुष्य धरा, त्यातली 11 वर्षं उरलीत. 88,000 ला 15 ने भागून 11 ने गुणलं की साधारण 64,500 रुपये येतात. प्रत्यक्ष आकडा वयानुसार ठरवलेल्या टक्केवारीच्या तक्त्यातून निघतो, त्यामुळे तो थोडा वर-खाली होईल. पैशांची तजवीज करायला हा अंदाज पुरेसा आहे.

हा हिशेब मूळ किमतीवर होतो, म्हणून शोरूमचं बिल महत्त्वाचं. तुम्ही गाडी सेकंडहँड साडेचार लाखांना घेतली असेल तरी कर साडेचारावर बसत नाही.

आणि एक मोह टाळा. बेकरीसाठी प्रायव्हेट लिमिटेड काढताय म्हणून “नंबर बदलतोच आहे तर गाडी कंपनीच्या नावावरही करून टाकू” असं मनात येईल. कंपनीच्या नावावरच्या कारला महाराष्ट्रात 20 टक्के दर लागतो. 8 लाखांच्या गाडीला 88,000 ऐवजी 1,60,000 पासून हिशेब सुरू होतो. सीएशी बोलल्याशिवाय हे एकत्र करू नका. प्रोप्रायटर म्हणून धंदा करत असाल तर गाडी स्वतःच्या नावावरच राहू द्या.

कर भरला, तपासणी झाली, की एमएच-09 चा नंबर मिळतो. त्या नंबरची नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवायची. जुन्या प्लेटा भंगारवाल्याला देऊ नका. केए चा तो नंबर कुणी दुसऱ्या गाडीवर लावला तर चलनं तुमच्या नावावर येतील. त्या रीतसर जमा करा किंवा नष्ट करून घ्या.

मग त्याच आठवड्यात इन्शुरन्स कंपनीला नवी आरसी पाठवून पॉलिसीवर नवा नंबर आणि नवा पत्ता चढवून घ्या. पॉलिसीवर केए आणि गाडीवर एमएच अशी स्थिती असताना अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी आधी हेच सिद्ध करत बसावं लागतं की गाडी तीच आहे. फास्टॅगवरचा नंबरही बदला, आणि पीयूसी पुढच्या वेळी नव्या नंबरावर काढा.

तिसरी पायरी: कर्नाटकाकडून परतावा

आता पैसे परत मिळवायची पाळी. तुम्ही बेंगळुरूत आजीवन कर भरला होता, म्हणजे गाडीच्या पुढच्या वर्षांचेही पैसे आधीच दिले होते. गाडी तिथे राहिली नाही, म्हणून उरलेल्या काळाचा हिस्सा परत मागता येतो. पण तो आपोआप खात्यात येत नाही. नवा नंबर पडला म्हणून कोल्हापूर आरटीओ तो मिळवून देत नाही. अर्ज तुम्हीच करायचा, आणि तोही ज्या राज्याने कर घेतला त्या राज्याच्या आरटीओकडे.

कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या कारला आजीवन कर 14 टक्के आणि त्या करावर 11 टक्के सेस असा हिशेब आहे. तुमच्या 8 लाखांच्या गाडीवर कर 1,12,000 आणि सेस 12,320 रुपये, मिळून 1,24,320 रुपये गेले होते. पावतीवर ही एकूण रक्कम बघून माणूस तिचाच परतावा धरतो. तुम्ही अंदाज बांधताना सेस सोडून द्या, फक्त कराचा आकडा घ्या. 1,12,000 चे पंधरापैकी अकरा भाग म्हणजे साधारण 82,000 रुपये. इथेही प्रत्यक्ष रक्कम गाडीच्या वयाच्या तक्त्यातून ठरते, सरळ भागाकारातून नाही.

अर्जासोबत काय लागतं? परताव्याचा अर्ज, महाराष्ट्राच्या नव्या आरसीची प्रत, जुनी आरसी आणि एनओसीची प्रत, कर भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. यातले निम्मे कागद तुमच्या “परतावा” फोल्डरमध्ये तयार आहेत. नाव सगळीकडे एकसारखं आहे का, ते बघा. आरसीवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि बँक खात्यावर फक्त आद्याक्षरं, एवढ्या फरकावरही अर्ज परत येऊ शकतो. अर्ज दिला की शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. बेंगळुरूत भाऊ, मित्र कुणी असेल तर त्याला तुमच्या सहीचं अधिकारपत्र देऊन पाठवता येईल का, हे त्या आरटीओत आधी विचारा.

नवी आरसी हातात आली की त्याच महिन्यात अर्ज टाका. “दुकान जरा मार्गी लागू दे, मग बघू” असं म्हणणाऱ्याचं दुकान मार्गी लागतं, परतावा राहून जातो.

आता धंद्याचा हिशेब

वरचे आकडे शेजारी ठेवा. कोल्हापुरात द्यायचे 64,500, बेंगळुरूकडून यायचे 82,000. कागदावर साडेसतरा हजारांचा फायदा दिसतो. हा सापळा आहे.

64,500 आधी जातात, एकदम जातात, आणि ते गेल्याशिवाय नवी आरसी मिळत नाही. नवी आरसी नसेल तर परताव्याचा अर्जच होत नाही. म्हणजे आधी देणं आणि मग येणं, हा क्रम बदलता येत नाही. मधला काळ महिन्यांचा असतो, आणि तो तुमच्या हातात नाही.

समजा बेकरी सुरू करायला तुमच्याकडे 3 लाख आहेत. त्यातून डिपॉझिट, ओव्हन आणि पहिला कच्चा माल, असे 2,60,000 तुम्ही मांडलेत आणि 40,000 हाताशी ठेवलेत. कराचे 64,500 या यादीत नाहीत. ते भरायला गेलात की हाताशी काही उरत नाही आणि वर साडेचोवीस हजार कमी पडतात. मैदा आणि लोण्याचं बिल थकतं, आणि पहिल्याच महिन्यात व्यापाऱ्याकडची पत जाते. अशा वेळी माणूस परतावा येणारच आहे म्हणून उसने घेतो. परतावा मात्र त्याच्या वेळेने येतो.

म्हणून मांडणी अशी करा. कर, फी, प्लेट आणि एखादी बेंगळुरू फेरी मिळून 75,000 रुपये बाजूला ठेवा, आणि उरलेल्या 2,25,000 मध्ये दुकान बसतंय का ते बघा. बसत नसेल तर ओव्हन एक नंबर लहान घ्या, किंवा सेकंडहँड बघा. तेही जमत नसेल तर तिसरा पर्याय आहे: गाडी बेंगळुरूतच विकून यायची, आणि ते पैसे भांडवलात घ्यायचे. गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर हा पर्याय जास्त गंभीरपणे तपासा. तेव्हा परतावा थोडाच उरतो, पण दगदग तेवढीच राहते.

परताव्याचे 82,000 वहीत कुठे लिहायचे? कुठेच नाही. ते खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईल त्या दिवशी लिहा.

पुढच्या व्हिडिओत पिवळ्या प्लेटचा टेम्पो घेऊ. तोपर्यंत गाडी अजून बाहेरच्या राज्यात असेल, तर तिथून निघायच्या आधी चलनं भरा, बँकेचं पत्र घ्या आणि चासीचे छाप काढा. ही तिन्ही कामं तिथे असताना दोन दिवसांची आहेत.